छप्पन्न रुपयांचे भाडे : मुंबई शहराच्या आमदारांना खुले पत्र

प्रति,
कुलाब्यापासून धारावीपर्यंतच्या दहा मतदारसंघांतील सन्माननीय विधानसभा सदस्य,



जुन्या भाडेकरूंचा विषय विधानसभेत निघाला की दोनच प्रकारची भाषणे होतात. एक पक्ष म्हणतो, गरीब भाडेकरूला हात लावाल तर खबरदार. दुसरा हळूच म्हणतो, मालकांवर अन्याय होतोय, पण सध्या नको. दोन्ही भाषणांत भाडे इतके कमी का राहिले, याचा हिशेब कुणी मांडत नाही. धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात मी आयुष्यभर वकिली केली, कधी मालकाच्या बाजूने, कधी भाडेकरूच्या. तो हिशेब आपल्यापुढे ठेवावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गिरगावातल्या एखाद्या चाळीतली १८० चौरस फुटांची खोली धरू. संडास सामाईक, मोरी आत. १९४० साली तिचे भाडे महिना २० रुपये होते असे समजू. आकडा मी हिशेबासाठी घेतलाय, पण ज्यांनी जुन्या भाडेपावत्या हाताळल्या आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल.

१९४० हेच साल का? दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, शहरात माणसे लोटत होती आणि भाडी भडकत होती. मुंबईला असले नियंत्रण नवीन नव्हते. पहिल्या महायुद्धातही १९१८ साली असा कायदा झाला होता. १९३९ चा कायदा, मग १९४४ चा आणि शेवटी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा, असा हा क्रम. १९४७ च्या कायद्याने ‘प्रमाणभाडे’ बांधले ते १ सप्टेंबर १९४० या तारखेला. त्या दिवशी जे भाडे होते तेच प्रमाणभाडे. जागा त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने दिली असेल, तर पहिल्यांदा दिली तेव्हाचे. त्याहून जास्त घेणे बेकायदा. पालिकेचा कर वाढला तर तो भाडेकरूकडून घेता येई, मूळ भाडे मात्र तिथेच. कायदा तात्पुरता होता. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आलेल्या शहरात तो हवाही होता. पण त्याची मुदत वाढवत वाढवत पन्नास वर्षे काढली आणि आमच्या खोलीचे मूळ भाडे २० रुपयेच राहिले.

हे प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले. मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्याचा निकाल डिसेंबर १९९७ मध्ये लागला. न्यायालयाचे म्हणणे असे की, कायदा झाला तेव्हा ही तरतूद वाजवी होती, पण काळाच्या ओघात १९४० चे भाडे तसेच गोठवून ठेवणे मनमानीचे झाले आहे. तरीही न्यायालयाने कलमे रद्द केली नाहीत, कारण ३१ मार्च १९९८ ला कायद्याची मुदत संपत होती आणि नवा कायदा येऊ घातला होता. मात्र हीच तरतूद जशीच्या तशी पुढे रेटली तर ती समानतेच्या तत्त्वात बसणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट बजावले. इतकी मोकळी संधी विधिमंडळाला क्वचित मिळते.

त्या संधीतून निघाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आमच्या खोलीचे त्यात काय झाले ते पाहा. नव्या कायद्याच्या कलम ७(१४) ने प्रमाणभाड्याची तारीख १ ऑक्टोबर १९८७ वर आणली. ऐकायला सत्तेचाळीस वर्षांची मजल वाटते. पण १९८७ साली या खोलीचे भाडे किती होते? कायद्यानेच ते वाढू दिलेले नसल्यामुळे २० रुपये. म्हणजे तारीख पुढे सरकली, आकडा जागचा हलला नाही. त्यावर एकदाच ५ टक्के वाढ दिली आणि भाडे झाले २१ रुपये. पुढे कलम ११ प्रमाणे दरवर्षी ४ टक्के. ही वाढ चक्रवाढ धरली, तरी पंचवीस वर्षांनी, २०२५ साली, ते भाडे जेमतेम ५६ रुपये होते. सरळ वाढ धरली तर ४२. गल्लीतल्या साध्या हॉटेलात दोघांचा नाश्ताही यात होत नाही.

विधिमंडळात चर्चा होते ती टक्क्यांची. चाराचे पाच करा, सहा करा, म्हणून मालक संघटना निवेदने देतात, आणि भाडेकरू संघटना एकही टक्का वाढू देणार नाही म्हणून मोर्चे काढतात. २००० सालापासून दरवर्षी १० टक्के चक्रवाढ दिली असती, तरी २०२५ साली या खोलीचे भाडे २२८ रुपयांच्या आत राहिले असते. टक्का कितीही वाढवा, तो २१ रुपयांवरच चालणार. त्यामुळे टक्क्यांचे भांडण दोन्ही बाजूंना सोयीचे आहे. लढल्याचे समाधान मिळते आणि काही बदलत नाही.

आता भाडेपावतीच हातात घेऊ. पिवळट कागद, वर इमारतीचे नाव, मधे मालकाच्या मेहताजीचे अक्षर. पहिल्या ओळीत मूळ भाडे. त्याखाली वाढीव भाडे, रिपेअर सेस, पाणीपट्टी, कधी दिवाबत्ती, कधी झाडूवाल्याचा वाटा. बऱ्याच पावत्यांवर मूळ भाड्यापेक्षा खालच्या ओळींचीच बेरीज मोठी असते. यातली रिपेअर सेसची ओळ नीट पाहण्यासारखी आहे. भाड्याच्या उत्पन्नातून मालक इमारत दुरुस्त करू शकत नाही, हे शासनाने १९६९ सालीच मान्य केले. तेव्हा दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला, जुन्या इमारतींवर उपकर बसला आणि दुरुस्तीचे काम शासनाकडे आले. तरीही इमारत सांभाळण्याचे कर्तव्य कायद्याने आजही मालकाचेच आहे. चाळीस खोल्यांच्या आमच्या चाळीचे सगळे मूळ भाडे गोळा केले तर महिन्याला होतात २,२४० रुपये. त्यात एका सफाई कामगाराचा पगारही निघत नाही, मग संडासाचा स्लॅब कुठून घालणार? म्हणून गच्चीवर ताडपत्री येते, जिन्याला टेकू लागतात, आणि दर पावसाळ्याआधी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी काढते तेव्हा आपल्या फोनची घंटा वाजते.

एवढ्यावरून मालक बिचारा आणि भाडेकरू फुकटा, असा निष्कर्ष काढाल तर फसाल. बाजारभाव कुठेच गेलेला नाही. तो भाड्यातून बाहेर पडून पागडीत शिरला आहे.

हीच खोली आज बदलली तर काय होईल? धरून चला, जाणारा भाडेकरू ४० लाखांना हक्क सोडतो. मालकाच्या संमतीशिवाय पावती नव्या माणसाच्या नावावर होत नाही, म्हणून मालक आपला हिस्सा घेतो. तो बहुतेकदा एक तृतीयांशाच्या आसपास असतो, कुठे कमी, कुठे जास्त. म्हणजे १३ लाखांवर. या खोलीचे वर्षाचे मूळ भाडे आहे ६७२ रुपये. मालकाला एका सहीत मिळालेली रक्कम जवळजवळ दोन हजार वर्षांच्या भाड्याइतकी होते. अशा मालकाला भाडेवाढीची घाई कशाला असेल? तो वाट पाहतो ती पावती बदलण्याची. आणि आलेल्या माणसाने ४० लाख मोजलेत, त्याला महिना ५६ रुपये हे भाडे वाटतच नाही. त्याच्या दृष्टीने त्याने घर घेतले आहे, फक्त मालकी तेवढी दुसऱ्याच्या नावावर आहे. नाक्यावरच्या गाळ्याची पागडी तर कित्येक पट असते, आणि भाडे तसेच शे-दोनशे.

१९४७ च्या कायद्यात पागडी घेणे गुन्हा होता. तरीही सगळे व्यवहार व्हायचे, रोखीत, मागच्या दाराने, आणि कोर्टात उभे राहून दोघेही शपथेवर सांगायचे की काही घेतले-दिले नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेकरूला हक्क सोडण्याबद्दल आणि मालकाला संमती देण्याबद्दल पैसे घेण्याची मुभा दिली. चांगलेच झाले, निदान खोटे बोलणे थांबले. पण त्याच दिवशी विधिमंडळाने एक गोष्ट मान्य केली आणि दुसरी नाकारली. हक्काची किंमत बाजाराने ठरवावी, हे मान्य. भाड्याची किंमत मात्र १९४० ने. या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात नांदताहेत, आणि कमी भाड्याचे कोडे तिथेच आहे. भाडे जितके कमी, तितकी पागडी जास्त. उद्या भाडे बाजारभावाला आणले तर पागडीची किंमत शून्याकडे जाईल, आणि कष्टाच्या ४० लाखांना खोली घेतलेला माणूस रातोरात बुडेल.

भाडेकरू म्हणून आपण ज्यांना एकाच रांगेत उभे करतो, त्यांत निदान तीन वेगळी माणसे आहेत. पहिली म्हणजे आजोबांपासून त्याच खोलीत राहणारे कुटुंब. त्यांनी पागडी दिली नसेल किंवा नावापुरती दिली असेल, आणि आजही ते तिथेच राबताहेत, स्वयंपाक करताहेत. दुसरा माणूस गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भरभक्कम पागडी मोजून आलेला. तिसरा तो, ज्याचे राहते घर डोंबिवलीला किंवा मुलुंडला आहे आणि गिरगावच्या खोलीला कुलूप आहे.

या तिसऱ्याला कोर्टात कसे ओळखतात, हे सांगायला हवे. सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरात नसेल, तर कलम १६ प्रमाणे ती मालकाला परत मिळू शकते. मग मालकाचा वकील बेस्टची विजेची बिले मागवतो. बिलावर महिन्याला दोन युनिट, तीन युनिट, कधी शून्य. रेशनकार्डावरचा पत्ता, गॅसची नोंद, मुलांच्या शाळेचा दाखला. भाडेकरूचा वकील म्हणतो, आई आजारी म्हणून थोडे दिवस मुलाकडे होती. शेजारी येऊन साक्ष देतो की हे दर गणपतीला येतात. आणि दावा वर्षानुवर्षे चालतो, कारण भाडेकरूला वेळ काढायचा असतो. त्याचे भाडे आहे ५६ रुपये. दहा वर्षे दावा चालला तरी भाड्यापोटी त्याचे आठ हजारांच्या आसपास जातील. वकिलाची फी त्याहून कितीतरी जास्त, पण तीही परवडते. कारण शेवटी जे मिळणार आहे त्याची किंमत फार मोठी आहे.

शेवटी काय मिळणार, हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला की निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मालकी हक्काने आणि विनामूल्य मिळते. १८० फुटांची भाड्याची खोली उद्या ३०० फुटांचा मालकीचा फ्लॅट होणार असेल, तर हातातली पावती भाड्याची राहत नाही, ती त्या फ्लॅटची आगाऊ नोंदणी असते. मग पावती कुणीच सोडणार नाही, ना राहणारा, ना कुलूप लावून गेलेला. खोल्या रिकाम्या आणि बाजारात घरे नाहीत, हे चित्र त्यातून तयार होते. आज त्याच चाळीत नवे बिऱ्हाड येते ते अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, महिन्याला हजारो मोजून, आणि त्याला कसलेच संरक्षण नाही. जुन्या भाडेकरूंचा हा वर्ग बंदिस्त आहे. त्यात नवा माणूस फक्त पागडी देऊन शिरू शकतो, किंवा त्या घरात जन्म घेऊन. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे, आणि तसा कुणी नसेल तर वारसाकडे हक्क जातो, ही तरतूद नव्या कायद्यानेही कायम ठेवली आहे.

शासनालाही या गोठलेल्या आकड्याची सवय झाली आहे. १९८६ साली म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घातले गेले. उपकरप्राप्त इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर इमारत आणि जमीन संपादित करून त्यांच्या सहकारी संस्थेला द्यायची, आणि मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट मोबदला. आमच्या चाळीस खोल्यांचा हिशेब करा : २,२४० गुणिले शंभर, म्हणजे २ लाख २४ हजार रुपये. गिरगावातली अख्खी चाळ, जमिनीसकट. मालकांच्या संघटनेने याला न्यायालयात आव्हान दिले. त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला आणि त्याचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही, असे बहुमताने ठरले. निकालावर देशभर तात्त्विक चर्चा झडल्या. मूळ वाद मात्र या भाडेपावतीतून निघालेला होता, हे थोड्याच लोकांनी लक्षात घेतले.

आता माझे म्हणणे. कुणाला संरक्षण द्यायचे आणि कुणाला नाही याची रेषा ओढता येत नाही, हे आपण सांगू नये. १९९९ च्या कायद्याने रेषा ओढलीच आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या कलम ३ ने संरक्षणाबाहेर काढल्या. त्या वेळी कुणी रस्त्यावर आले नाही, कारण बँकेला मत नसते. २०१६ च्या सुमारास मोठ्या क्षेत्रफळाची घरे आणि गाळे बाहेर काढण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मात्र ओरड झाली आणि तो गुंडाळला गेला. त्या ओरडीत मलबार हिलच्या दीड हजार फुटांच्या भाडेकरूने गिरगावच्या १८० फुटांना ढाल केले, आणि आपण ते चालू दिले. यात आपला दोष मी मोठा मानतो.

पहिली मागणी नोंदवहीची आहे. प्रत्येक संरक्षित जागेचे क्षेत्रफळ, वापर, भाडेकरार कधीचा, पावती शेवटची कोणत्या साली बदलली आणि किती रक्कम देऊन, हे नोंदवले गेले पाहिजे. २००० नंतरचे भाडेकरार आणि हस्तांतरणे लेखी नोंदवली जातात, त्यामुळे यातला बराच भाग शासनाच्या दप्तरातच आहे. गेल्या काही वर्षांत जाहीर रकमेची पागडी देऊन आलेल्या माणसाचे भाडे वाढवताना त्याने दिलेले पैसे काही मुदतीपर्यंत त्यात वळते केले पाहिजेत. हे नोंदीशिवाय करता येणार नाही.

दुसरी मागणी कलम ७(१४) बद्दल. ३०० चौरस फुटांपर्यंतच्या, ज्यात कुटुंब खरोखर राहते अशा जागेचे भाडे बाजारभावाशी जोडू नका. ते इमारतीच्या देखभालीच्या खर्चाशी जोडा, दर चौरस फुटाला अमुक रुपये असे, आणि तो दर दर तीन-पाच वर्षांनी अधिसूचनेने बदलत राहू दे. महिना पाचशे-सातशे रुपये झाले तर बहुतेक कुटुंबे कुरकुरतील, पण देतील. सहकारी सोसायटीत मेंटेनन्स म्हणून त्याहून जास्त जातेच. जे खरेच देऊ शकत नाहीत त्यांचा फरक शासनाने उचलावा. भाडेकरूला मदत करायचे कर्तव्य समाजाचे आहे, एकट्या घरमालकाचे नाही. आणि तो पैसा मालकाच्या खिशात न जाता इमारतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावा, ज्यावर भाडेकरूंच्या प्रतिनिधीचीही सही लागेल. इतकी वर्षे मालकांची बाजू मांडूनही मी हे म्हणतो आहे. वाढीव भाडे घेऊन इमारत तशीच पडू देणारे मालक मी पाहिले आहेत, कारण इमारत पडली की जमीन मोकळी होते.

दुकाने, गोदामे, कार्यालये आणि मोठी घरे यांच्यासाठी देखभालीचा हिशेब पुरणार नाही. तिथे रेडी रेकनरच्या किमतीचा ठरावीक हिस्सा भाडे म्हणून, दहा वर्षांच्या टप्प्यांनी, असे करता येईल. विक्रीवर मुद्रांक शुल्क घ्यायचे असले की जागेची किंमत शासन दरवर्षी बरोबर ठरवते. भाड्याच्या वेळी ती विसरायचे कारण नाही. आणि कुलूपबंद खोल्यांच्या दाव्यांना कालमर्यादा घाला. बेस्टचे बिल वाचायला दहा वर्षे लागत नाहीत.

पुढच्या अधिवेशनात आपल्यापैकी एकाने जरी तारांकित प्रश्न विचारला, तरी सुरुवात होईल. प्रश्न असा असावा : मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींतील किती भाडेकरूंचे मूळ भाडे महिना शंभर रुपयांच्या आत आहे, त्यांतल्या किती जागा तीनशे चौरस फुटांहून मोठ्या आहेत, आणि किती जागा निवासी नाहीत? उत्तर ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ असे आले, तर दुसऱ्या अधिवेशनात पुन्हा विचारा.

आपला,
लघुवाद न्यायालयातून निवृत्त झालेला, गिरगावातला एक वकील